सात लाख वीस हजारांचे महिन्याला किती?

बाराने भागायला सोपी रक्कम असली की माणूस फसतो. सात लाख वीस हजार भागिले बारा, साठ हजार. नोकरीचं पत्र हातात पडल्यापासून घरी पोचेपर्यंत हा भागाकार तोंडी होऊन जातो आणि रात्रीच्या जेवणापर्यंत तो नातेवाइकांत पोचलेला असतो. पुढच्या महिन्याच्या सात तारखेला बँकेचा मेसेज येतो, त्यात पंचेचाळीस हजारांच्याही आतला आकडा असतो. मग कंपनीने लबाडी केली का, याची चर्चा सुरू होते. बहुतेक वेळा लबाडी नसते. भागाकार चुकीच्या रकमेचा झालेला असतो.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पगारपत्रकांचं काम करतो. ओळखीपाळखीची मुलं पत्र घेऊन येतात, "काका, हातात किती पडतील?" एवढंच विचारतात आणि मान्य करण्याची तारीख उद्याची असते. हे गणित घरी, कागदावर, पंधरा-वीस मिनिटांत करता येतं. त्यासाठी लेखापाल लागत नाही, फक्त क्रम पाळावा लागतो. एक पत्र घेऊन ते शेवटपर्यंत करून पाहू. आकडे सोयीसाठी मी सरळ केले आहेत. रचना मात्र अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या मध्यम कारखान्यात मिळते तशीच आहे.

जून २०२५ मधलं पत्र समजू. उमेदवार डिझाइन इंजिनिअर, मुलगी, चार वर्षांचा अनुभव. सीटीसी वर्षाला ७,२०,००० रुपये. पत्राच्या मागच्या पानावर, बहुतेकांनी न उलटलेल्या, एक जोडपत्र असतं. त्यात वर्षाचे आकडे असे:

बेसिक: ३,६०,०००
घरभाडे भत्ता: १,४४,०००
स्पेशल अलाउन्स: ७७,४८४
कंपनीचा पीएफ: ४३,२००
ग्रॅच्युइटी: १७,३१६
गट आरोग्य विमा: ६,०००
व्हेरिएबल पे: ७२,०००

पहिलं काम बेरीज करण्याचं. एकूण ७,२०,००० आलीच पाहिजे, आणि इथे ती येते. हे काम बाळबोध वाटेल, पण बेरीज जुळली नाही तर पुढचं काहीच करू नका. एखादी ओळ सुटलेली असते, किंवा जोडपत्र जुन्या प्रस्तावाचं आणि पत्र नव्या प्रस्तावाचं असतं. तसं असेल तर एचआरला फोन करून दुरुस्त जोडपत्र मागवायचं.

आता या यादीतल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: हे पैसे माझ्या बँक खात्यात दर महिन्याला येतात का? बेसिक येतं, घरभाडे भत्ता येतो, स्पेशल अलाउन्स येतो. बाकीच्या चार ओळींचं उत्तर 'नाही' असं आहे, प्रत्येकीचं कारण वेगळं.

कंपनीचा पीएफ भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात जातो. तो तुमचाच आहे, पण हातात येत नाही. ग्रॅच्युइटी ही कंपनीने भविष्यासाठी बाजूला टाकलेली तरतूद आहे. दर वर्षाच्या नोकरीला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून, असा तिचा हिशेब असतो. पंधरा भागिले सव्वीस आणि त्याला पुन्हा बाराने भागलं की ४.८१ टक्के येतात. ३,६०,००० चे ४.८१ टक्के म्हणजेच १७,३१६. नियमित नोकरीत साधारण पाच वर्षं सलग काढल्यावर ती हक्काची होते. तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्याच्या सीटीसीतले हे पैसे कागदावरच राहतात. विम्याचा हप्ता विमा कंपनीकडे जातो. आणि व्हेरिएबल पे वर्षाअखेरीस, कंपनीची आणि तुमची कामगिरी पाहून मिळतं. पत्रात ७२,००० लिहिलं असलं तरी ते शंभर टक्के मिळेलच असं पत्र कुठेच म्हणत नाही. ऐंशी टक्के मिळालं तर ५७,६०० होतात. हे पैसे खरे आहेत, पण घराचा हप्ता त्यांच्यावर ठरवू नये.

या चार ओळींची बेरीज १,३८,५१६. ती ७,२०,००० मधून वजा केली की ५,८१,४८४ उरतात, आणि बाराने भागायची रक्कम ही आहे. महिन्याला ४८,४५७. यालाच ग्रॉस म्हणतात. साठ हजारांतले साडेअकरा हजार इथेच गेले आणि अजून एकही कपात झालेली नाही. सॅलरी स्लिपवर कपातीच्या रकान्यात हे पैसे दिसत नाहीत, कारण ते तुमच्या पगारात कधी धरलेलेच नव्हते. पहिली स्लिप पाहून जो गोंधळ होतो तो यामुळे. कपाती तर चार हजारांच्याही खाली दिसतात, मग पंधरा हजार गेले कुठे?

एक गंमत सांगायची राहिली. स्पेशल अलाउन्सचा ७७,४८४ हा आकडा असा तिरपागडा का? बेसिक सीटीसीच्या पन्नास टक्के, घरभाडे भत्ता बेसिकच्या चाळीस टक्के, पीएफ बारा टक्के, सगळे कुठल्या तरी टक्केवारीने आलेले. स्पेशल अलाउन्सला स्वतःचं सूत्र नाही. सगळं मांडून झाल्यावर ७,२०,००० पूर्ण करायला जेवढे कमी पडतात तेवढे या ओळीत टाकतात. त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही ओळीत कंपनीने बदल केला की त्याचा धक्का या ओळीला बसतो. विम्याचा हप्ता वाढवून सीटीसीत धरला, स्पेशल अलाउन्स कमी. पीएफ जास्त धरला, स्पेशल अलाउन्स कमी. दोन कंपन्यांची पत्रं शेजारी ठेवली तर आधी ही ओळ पाहावी.

घरभाडे भत्ता चाळीस टक्केच का, हेही याच ओघात. जुन्या करपद्धतीत घरभाड्याची सवलत मोजताना मुंबईसाठी बेसिकच्या पन्नास टक्क्यांची मर्यादा आहे आणि नाशिकसाठी चाळीस. म्हणून नाशिकच्या जोडपत्रांत चाळीस टक्के दिसतात. नव्या करपद्धतीत ही सवलतच नाही. तिथे पैसे घरभाडे भत्त्यात असले काय आणि स्पेशलमध्ये असले काय, हातात येणाऱ्या रकमेला फरक पडत नाही.

आता कपाती. मोठी एकच, आपला स्वतःचा पीएफ. बेसिक ३०,००० चे बारा टक्के, ३,६००. कंपनीनेही तेवढेच भरले आणि ते आपण आधीच सीटीसीतून काढून ठेवलेत. म्हणजे पीएफ दोनदा वजा होतो, एकदा ग्रॉसच्या वर, एकदा ग्रॉसच्या खाली. सर्वांत जास्त चुका इथे होतात. कुणी एकदाच वजा करतं, तर कुणी साठ हजारांचे बारा टक्के काढून ७,२०० वजा करतं आणि दोन्ही मिळून झालं असं समजतं. साठ हजारांतून ७,२०० आणि व्यवसाय कर २०० गेले की ५२,६०० उरतात, हा आकडा मी अनेकांच्या कागदावर पाहिलाय. त्यात पीएफचा आकडा चक्क बरोबर येतो, कारण इथे बेसिक नेमकं निम्मं आहे आणि निम्म्याचे चोवीस टक्के म्हणजे पूर्णाचे बारा. पण ग्रॅच्युइटी, विमा आणि व्हेरिएबल तसेच राहून जातात, आणि अपेक्षा जवळजवळ आठ हजारांनी फुगते.

दुसरी कपात व्यवसाय कराची, बोलण्यात पीटी. महाराष्ट्रात महिन्याचा पगार १०,००० च्या वर असलेल्या पुरुषाला दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. हे फेब्रुवारीचे शंभर दर वर्षी कुणी ना कुणी विचारायला येतंच. राज्यघटनेने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. अकरा महिन्यांचे २,२०० झाल्यावर उरलेले ३०० एका महिन्यात घ्यावे लागतात, एवढंच. स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० पर्यंत हा कर माफ आहे. आपल्या इंजिनिअरचा ग्रॉस त्याहून जास्त, म्हणून तिलाही २०० लागतात.

तिसरी अगदी किरकोळ, कामगार कल्याण निधीचे २५ रुपये. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या पगारातून.

प्राप्तिकर? २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीत तिचं वर्षाचं करपात्र उत्पन्न म्हणजे ग्रॉस ५,८१,४८४ अधिक व्हेरिएबल ७२,०००, वजा प्रमाणित वजावट ७५,०००. येतात ५,७८,४८४. चार लाखांवरच्या रकमेला पाच टक्के, म्हणजे कर ८,९२४ रुपये निघतो, पण बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७ए खाली तो सगळा माफ होतो. टीडीएस शून्य. कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि गट विम्याचा हप्ता तिच्या या उत्पन्नात धरले नाहीत, हे लक्षात घ्या. सीटीसीच्या पूर्ण आकड्यावर कर काढणं ही दुसरी नेहमीची चूक.

तर ४८,४५७ वजा ३,६०० वजा २००. हातात ४४,६५७ रुपये. जून-डिसेंबरात पंचवीस रुपये कमी, फेब्रुवारीत शंभर कमी.

आता ताळा. उत्तर बरोबर आहे की नाही हे कुणाला न विचारता कळायचं असेल तर उलटं चढत जायचं. वर्षभरात हातात पडलेले ५,३५,७३४ (बारा महिन्यांचे, फेब्रुवारीचे शंभर आणि निधीचे पन्नास वजा जाऊन). त्यात स्वतःचा पीएफ ४३,२००, व्यवसाय कर २,५०० आणि कल्याण निधीचे ५० मिळवले की पुन्हा ग्रॉसचे ५,८१,४८४ येतात. त्यावर कंपनीचा पीएफ ४३,२००, ग्रॅच्युइटी १७,३१६, विमा ६,००० आणि व्हेरिएबल ७२,००० ठेवत गेलं की बरोबर ७,२०,०००. एका रुपयाचाही फरक राहत नाही. इंटरनेटवरची पगाराची गणकयंत्रं हा ताळा दाखवत नाहीत. ती बेसिक किती टक्के, व्हेरिएबल आहे की नाही, हे स्वतःच गृहीत धरून एक आकडा देतात, आणि तुमच्या जोडपत्राशी त्या गृहीतकांचा संबंध असेलच असं नाही.

ज्यांना संगणकावर करायचं असेल त्यांनी एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये दहा घरं भरावीत. क्रम तोच: सीटीसी, बेसिक, घरभाडे, कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा, व्हेरिएबल, मग उरलेला स्पेशल अलाउन्स, महिन्याचा ग्रॉस आणि शेवटी हातातली रक्कम.

```
B1   720000
B2   =B1*50%
B3   =B2*40%
B4   =B2*12%
B5   =B2*4.81%
B6   6000
B7   =B1*10%
B8   =B1-SUM(B2:B7)
B9   =(B2+B3+B8)/12
B10  =B9-B4/12-200
```

`B10` मध्ये 44657 दिसलं पाहिजे. हे मांडण्याचा खरा फायदा पुढे आहे: एक घर बदलून काय होतं ते पाहता येतं.

बदलून पाहण्यासारखं सर्वांत महत्त्वाचं घर चौथं. पीएफ सक्तीने कापायची वेतनमर्यादा सप्टेंबर २०१४ पासून महिन्याला १५,००० रुपये आहे. बेसिक त्याच्या वर असलं तरी काही कंपन्या पूर्ण बेसिकवर बारा टक्के भरतात, काही फक्त १५,००० वर, म्हणजे १,८०० रुपये. दोन्ही कायद्यात बसतं. ओळखायची खूण सोपी आहे. जोडपत्रात कंपनीचा पीएफ वर्षाला २१,६०० लिहिलेला असेल तर मर्यादेवर भरतात, त्याहून मोठा असेल तर पूर्ण बेसिकवर. आपल्या कागदात चौथ्या घरात हे लिहून पाहा:

```
B4   =MIN(B2,180000)*12%
```

कंपनीचा पीएफ २१,६०० झाला, तेवढेच २१,६०० स्पेशल अलाउन्समध्ये सरकले, ग्रॉस ५०,२५७ झाला. खाली स्वतःचा पीएफही १,८०० च झाला. हातात ४८,२५७. सीटीसी तीच, कंपनीचा खर्च तोच, आणि महिन्याला ३,६०० रुपये जास्त. अर्थात भविष्य निर्वाह निधीत तेवढेच कमी. तिशीच्या आतल्या मुलांना मी पूर्ण बेसिकवरचा पर्याय सुचवतो, पण हा माझा स्वभाव झाला. घरभाडं आणि शिक्षणकर्जाचा हप्ता भरणाऱ्याला ते ३,६०० आज लागतात. पत्र मान्य करण्याआधी विचारण्यासारखा प्रश्न मात्र हाच आहे, कारण बऱ्याच ठिकाणी निवड रुजू होतानाच करावी लागते.

आणि इथे एक सापळा आहे. मूळ जोडपत्रावर, म्हणजे पीएफ पूर्ण बेसिकवर असताना, कुणी चुकून तो एकदाच वजा केला तर त्याचंही उत्तर ४८,२५७ च येतं! बेसिक ३०,०००, मर्यादा त्याच्या बरोबर निम्मी, म्हणून मर्यादेवरचे दोन १,८०० आणि पूर्ण बेसिकवरचा एक ३,६०० सारखेच होतात. एका मुलाचं उत्तर असंच मित्राच्या उत्तराशी जुळलं आणि दोघंही निश्चिंत झाले. मित्राच्या कंपनीत पीएफ मर्यादेवर होता, याच्या कंपनीत पूर्ण बेसिकवर. म्हणून शेवटचा आकडा कुणाच्या आकड्याशी जुळवू नये. वरचा ताळा करावा, त्यात ही चूक लगेच उघडी पडते. बेरीज सीटीसीच्या ४३,२०० पुढे निघून जाते.

महिने सगळे सारखे नसतात. पहिला तर नसतोच. आपली इंजिनिअर १६ जूनला रुजू झाली. तीस दिवसांपैकी पंधरा दिवस. ग्रॉस निम्मा, २४,२२८ रुपये ५० पैसे. बेसिकही निम्मं, म्हणून पीएफ १,८००. व्यवसाय कर मात्र दिवसांच्या प्रमाणात कापत नाहीत. तो त्या महिन्याच्या पगाराचा टप्पा पाहून लागतो. या महिन्यात तिचा पगार २५,००० च्या आत राहिला, म्हणून तिला शून्य. तिच्याबरोबर त्याच दिवशी, त्याच पगारावर रुजू झालेल्या मुलाला पूर्ण २००. कल्याण निधीचे २५ दोघांनाही, कारण महिना जूनचा. तिच्या हातात २२,४०४ आणि त्याच्या २२,२०४. दोघांनी स्लिपा शेजारी ठेवल्या की एचआरकडे तक्रार जाणार हे ठरलेलं.

बिनपगारी रजेचा महिना आणखी घोटाळ्याचा. दोन दिवस कापले तर किती? हे कंपनी महिना किती दिवसांचा धरते त्यावर आहे. तीस धरले तर दोन दिवसांचे ३,२३० रुपये जातात, एकतीस धरले तर ३,१२६, आणि आठवड्याच्या सुट्ट्या सोडून सव्वीस धरले तर ३,७२७. हा नियम कंपनीच्या धोरणात लिहिलेला असतो. कुठल्या भाजकाने भागलंय हे स्लिपवरून शोधायचं तर कापलेल्या रकमेने पूर्ण ग्रॉसला भागायचं आणि रजेच्या दिवसांनी गुणायचं, भाजक समोर येतो. शिवाय बेसिक कमी झालं की पीएफही कमी कापला जातो. तीसच्या हिशेबाने तिचं बेसिक २८,००० उरतं, पीएफ ३,३६०. म्हणून ग्रॉस ३,२३० ने उतरला तरी हातातली रक्कम २,९९० नेच उतरते. आणि एक विचारून घ्यावं. काही कारखान्यांत हजेरीचा महिना एकवीस तारखेपासून वीस तारखेपर्यंत असतो. तिथे २५ ऑगस्टची रजा ऑगस्टच्या पगारात कापलेली दिसत नाही, सप्टेंबरच्या पगारात दिसते.

जोडपत्रात कधीच नसलेल्या पण स्लिपवर उगवणाऱ्या कपातीही असतात. नाशिकहून सिन्नरला जाणाऱ्या कंपनी बसचे पैसे, कॅन्टीनचे पैसे, कामगारांच्या पतसंस्थेची वर्गणी, आई-वडिलांचं नाव विम्यात घातलं तर त्याचा जादा हप्ता. यांतली कुठलीच सीटीसीच्या गणितातून काढता येत नाही. आधी विचारणं हाच उपाय. शॉप फ्लोअरवरच्या मुलांचं गणितही थोडं वेगळं. ग्रॉस २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय लागतो, कर्मचाऱ्याकडून ०.७५ टक्के आणि कंपनीकडून ३.२५ टक्के. १८,००० ग्रॉसवर मुलाचे १३५ जातात, कंपनीचे ५८५, आणि ते ५८५ बहुतेकदा सीटीसीत धरलेले असतात.

आता टीडीएस. बारा लाखांच्या आसपास आलेल्या माणसाला व्हेरिएबलचा महिना धक्का देतो, म्हणून त्याचं एक उदाहरण वेगळं घेतो. समजा एखाद्या वरिष्ठ अभियंत्याचा वर्षाचा ग्रॉस १२,३५,०००. प्रमाणित वजावटीनंतर ११,६०,०००, म्हणजे बारा लाखांच्या आत. कर माफ, महिन्यामागून महिने टीडीएस शून्य. मार्चमध्ये व्हेरिएबलचे एक लाख येतात. उत्पन्न १२,६०,००० होतं आणि माफी संपते. टप्प्यांप्रमाणे कर निघतो ६९,०००: बारा लाखांपर्यंतचा ६०,००० आणि वरच्या साठ हजारांवर पंधरा टक्क्यांनी ९,०००. पण बारा लाखांच्या वर जेवढी रक्कम गेली त्याहून जास्त कर घ्यायचा नाही, अशी सीमांत सवलत कायद्यात आहे. म्हणून कर ६०,००० वर थांबतो. त्यावर चार टक्के उपकर, एकूण ६२,४००. आणि वर्षभर काहीच कापलेलं नसल्यामुळे हे सगळे त्या एकाच महिन्यात जातात. लाखाच्या बोनसमधले साडेसदतीस हजार हाती लागतात.

याला चूक म्हणता येत नाही. कंपनीने वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावर कर काढून उरलेल्या महिन्यांत वाटून कापायचा असतो. काही कंपन्या व्हेरिएबल आधीपासून अंदाजात धरतात, मग दर महिन्याला ५,२०० जातात आणि मार्च शांत जातो. काही ते मिळेपर्यंत धरत नाहीत. तुमची कंपनी काय करते ते एप्रिल-मेच्या स्लिपवरच्या टीडीएसवरून लगेच कळतं. वर्षाच्या मध्ये नोकरी बदललेल्याने आधीच्या कंपनीतला पगार नव्या कंपनीला लेखी कळवावा. नाहीतर दोन्हीकडे माफी गृहीत धरली जाते आणि विवरणपत्र भरताना एकदम फरक भरावा लागतो.

ताज्या पत्रांबद्दल एक सूचना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या वेतनाच्या व्याख्येत घरभाडे, वाहन यांसारखे ठरावीक भत्ते वगळता येतात, पण वगळलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरचा भाग वेतनातच मोजायचा. ज्या कंपन्या बेसिक तीस-पस्तीस टक्के ठेवून बाकी भत्त्यांत टाकत होत्या, त्यांची ग्रॅच्युइटीची तरतूद यामुळे वाढते. ती सीटीसीच्या आतूनच येते, म्हणून स्पेशल अलाउन्स तेवढा आक्रसतो. कपातीच्या रकान्यात नवीन काही नाही, तरी हातात थोडे कमी, असं दिसलं तर कारण हे असू शकतं. पीएफची सक्ती १५,००० पर्यंतच असल्याने मर्यादेवर भरणाऱ्यांचा पीएफ मात्र तेवढ्याने हलत नाही. ग्रॅच्युइटी कशावर काढली हे पाहायला तिच्या आकड्याला ०.०४८१ ने भागा. आपल्या पत्रात १७,३१६ भागिले ०.०४८१ म्हणजे ३,६०,०००, बेसिकच.

शेवटची तपासणी पगार झाल्यावरची. स्लिपवरची निव्वळ रक्कम आणि बँकेत आलेली रक्कम जुळली की लोक थांबतात. पण स्लिपवर ३,६०० कापलेले दिसणं वेगळं आणि ते खात्यात जमा होणं वेगळं. कंपनीने ते पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायचे असतात. आपल्या यूएएन क्रमांकाने ईपीएफओच्या पासबुकात पाहावं. स्वतःच्या रकान्यात ३,६००. कंपनीच्या रकान्यात पूर्ण ३,६०० दिसणार नाहीत, २,३५० दिसतील, आणि १,२५० पेन्शनच्या रकान्यात. १५,००० च्या ८.३३ टक्क्यांचे ते पैसे आहेत. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच सभासद झालेल्या आणि तेव्हाच १५,००० च्या वर बेसिक असलेल्यांना पेन्शन योजना लागू नाही. त्यांचे कंपनीकडूनचे ३,६०० अख्खे पीएफमध्ये दिसले पाहिजेत. पासबुकात नोंद दिसायला काही दिवस उशीर होतो, तेवढा सोडावा. दोन महिन्यांचे पगार झाले आणि पासबुक कोरंच असेल, तर आधी कंपनीच्या लेखा विभागाला चलनाची तारीख विचारावी, आणि ती मिळाली नाही तर नाशिकमधल्या भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात, दोन्ही स्लिपांच्या प्रती घेऊन.